शुभदाताईंचा पिवळा दोरा

शुभदाताई आल्या की आधी गांडुळांकडे जायच्या, मग माझ्याकडे. नमस्कार नाही, चहा नाही. शेडमध्ये शिरायचं, ओलं पोतं उचलायचं, दोन बोटांनी खत उकरून बघायचं आणि मग माझ्या तोंडाकडे असं बघायचं की रात्रीतून मी काहीतरी गिळलंय. पहिले काही महिने मी हे हसण्यावारी नेलं. नंतर मात्र माझं डोकं सणकायला लागलं.

आमचं घर लखनौतल्या जानकीपुरमच्या अगदी टोकाला, जिथे कॉलनी संपते आणि भाताची शेतं सुरू होतात तिथे. हे, म्हणजे माझे यजमान धनंजय, एअर फोर्समधून निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांना वाटलं आम्ही परत सांगलीला जाणार. पण लखनौच्या बाजूला इतकी वर्षं काढली होती की यांना इथलंच बरं वाटायला लागलं होतं. आम्ही प्लॉट घेतला, दोन खोल्या बांधल्या, आणि मी हट्टाने तीन म्हशी घेतल्या. माहेरी आमच्याकडे म्हशी होत्या. क्वार्टरमध्ये राहून राहून माझा जीव विटला होता. सकाळी धार काढताना मला जे बरं वाटतं ते देवळात जाऊनही वाटत नाही, हे मी यांना लग्नानंतर तीस वर्षांनी सांगितलं.

यांना म्हशी आवडायच्या नाहीत. त्यातून शेण. तीन म्हशींचं शेण रोज निघतं आणि ते कुठेतरी जावं लागतं. पूर्वी बायका गोवऱ्या थापायला घेऊन जायच्या, मग घरोघरी गॅस आला आणि त्या यायच्या बंद झाल्या. शेण धुऊन नाल्यात जायला लागलं, नाला तुंबला, शेजारी दारात आले आणि पाठोपाठ नोटीसही आली. हे एरवी शांत माणूस. त्यांनी एवढंच सांगितलं, "लतिका, आता एकदा जरी शेण नाल्यात गेलं, तरी मी चिनहटच्या व्यापाऱ्याला बोलावणार. तिन्ही एकदम देऊन टाकू." ते बोलले की करतात. म्हणून गांडुळखत हा माझा छंद नव्हता. शेण गांडुळांनी खाल्लं तर म्हशी राहणार होत्या, नाहीतर जाणार होत्या.

शुभदाताईंची ओळख गणपतीत झाली. त्यांचे मिस्टर औषधांच्या संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ, राहायला कॅम्पसमध्ये. बाई हुशार, चटचटीत, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या. मोदक वळता वळता मी शेणाचं रडगाणं गायले, तेव्हा त्यांनीच गांडुळांचा विषय काढला. कॅम्पसमध्ये आणि कॉलनीत गुलाबवाल्या बायका रग्गड होत्या, चांगल्या खताला पैसे मोजायला तयार होत्या. आम्ही दोघींनी मिळून कृषी केंद्रात प्रशिक्षण घेतलं, शेजारी शेजारी बसून. विटा, पत्रे आणि गांडुळं त्यांची. जागा, शेण, पाणी आणि मेहनत माझी. विक्री त्या बघणार, नफा अर्धा अर्धा.

वाफे आम्ही छान बांधले होते, हे मी आजही सांगेन. विटांचे तीन लांबट हौद, गुडघ्याएवढे उंच, वर पत्रा आणि पत्र्यावर गवत, म्हणजे उन्हाळ्यात आत भट्टी होऊ नये. तळाला पाणी निघून जायला भोकं. सगळ्यात खाली विटांचे तुकडे आणि वाळू, त्यावर पेंढा आणि वाळका पाला, आणि मग शेण. ताजं शेण कधीच टाकायचं नाही. ताज्या शेणाला आतून ऊब येते, गांडुळं त्यात होरपळून मरतात नाहीतर भिंत चढून पळून जातात. म्हणून मी शेणाचा ढीग बाजूला लावायचे, वर पाणी शिंपडायचे, अधूनमधून उलटा करायचे. हात कोपरापर्यंत आत घातला आणि गरम लागला नाही, की मगच ते वाफ्यात. मग वरून गांडुळं सोडायची. ती स्वतःच खाली उतरतात, कुणी सांगावं लागत नाही. वर ओली पोती झाकायची, की काळोखही राहतो आणि ओलही टिकते.

ओलीचं मला पहिल्या दिवसापासून जमलं. मूठभर खत उचलायचं आणि दाबायचं. गोळा झाला पाहिजे, पण बोटांमधून एखाद्या थेंबापेक्षा जास्त पाणी येता कामा नये. पाणी गळलं तर आत हवा राहत नाही, शेण नासतं, वास मारतं. भुगा झाला तर गांडुळं सुकतात. लखनौच्या उन्हाळ्यात लूचा गरम वारा सुटला की मी सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी शिंपडायचे. थंडीत एखाद दिवस सोडून पुरायचं. मुंग्यांसाठी वाफ्याभोवती पाण्याचा चर ठेवला होता, आणि बगळ्यांसाठी बाजूने जाळी.

पहिला वाफा तयार झाला तेव्हा मला इतका आनंद झाला की मी यांना हात धरून शेडमध्ये नेलं. काळं, रवाळ, चहापत्तीसारखं खत. शेणाचा वास नावाला नाही. आता ते काढायचं कसं, हे केंद्रात आम्हाला दाखवलं होतं. पाणी बंद करायचं. पाच-सहा दिवस थांबायचं. वरचा थर कोरडा होत गेला की गांडुळं ओलीच्या मागे खाली खाली जातात, आणि वरचं खत मोकळं मिळतं. ते हलक्या हाताने काढायचं, उजेडात शंकूसारखे ढीग करायचे, उरलीसुरली गांडुळं ढिगाच्या बुडाशी जमतात, ती परत वाफ्यात सोडायची. मग खत चाळायचं आणि पोती भरायची.

मी तसंच केलं. पाणी बंद केलं आणि शुभदाताईंना तसं फोनवर सांगितलं.

त्या दुसऱ्याच दिवशी आल्या. हौदाच्या आतल्या विटांवर, खताच्या पातळीशी, खडूने रेघ मारून गेल्या. मला कळलंच नाही कशासाठी. पाच दिवसांनी परत आल्या तर खत त्या रेघेच्या चांगलं चार बोटं खाली.

"कुठे गेलं?" त्यांनी विचारलं.

"कुठे जाईल? सुकलं म्हणून बसलं," मी म्हटलं.

"अच्छा. सुकलं."

एवढंच. पण तो 'अच्छा' मला अजून ऐकू येतो. ओलं खत फुललेलं असतं, सुकलं की दबतं, यात काय कळायचं राहिलंय? पण त्यांच्या मनात पक्कं बसलं की पाणी बंद करण्याचे ते दिवस म्हणजे माझी चोरीची मुदत. त्या आठवड्यात मलिहाबादचा एक आमराईवाला जीप घेऊन खताची चौकशी करायला आला होता, त्याला मी चहा पाजला होता, तेही त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मी त्याला "विक्री ताई बघतात" असं सांगून परत पाठवला, हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नाही. मी सांगितलं, तेव्हा त्यांनी मान हलवली आणि विषय बदलला.

पुढच्या वाफ्यापासून त्यांनी नवीन नियम काढला. खत तयार दिसलं की मी फोन करायचा, त्या त्याच दिवशी आपला माणूस घेऊन येणार आणि त्याच दिवशी भरून नेणार. मधे एकही दिवस नाही.

"पण पाणी बंद न करता काढलं तर गांडुळं वरच राहतील ना," मी म्हटलं. "केंद्रात आपल्याला सांगितलंय."

"माझा माणूस वेचून परत टाकेल," त्या म्हणाल्या. "आणि पाणी बंद ठेवलं की तुला आठवडा मिळतो, लतिका. स्पष्ट बोलते, राग मानू नकोस."

मी राग मानला. मानायचा नाही तर काय करायचं? पण मी गप्प बसले. कारण हातात काय होतं माझ्या? ताई आपल्या विटा घेऊन गेल्या असत्या तर तीन म्हशींचं शेण घेऊन मी कुठे उभी राहणार होते? आणि एकदा सांगूनही माणूस ऐकत नसेल तर दुसऱ्यांदा सांगितलं की संशय वाढतोच. मी पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

त्या दिवसापासून भरणं माझ्या डोळ्यांआड गेलं. त्यांचा माणूस वाफ्यातून घमेली भरून मागच्या खोलीत न्यायचा, आणि दार लावून आत पोती भरली जायची. मी माझ्याच अंगणात परक्यासारखी धार काढत बसायचे. दार उघडलं की पोती बाहेर यायची, प्रत्येकाच्या तोंडाला पिवळा दोरा आणि दोऱ्याला शुभदाताईंची खास गाठ. वर लाखेचा ठिपका. संध्याकाळी गाडी येईपर्यंत पोती माझ्या घरी राहायची ना, म्हणून. कुठल्या गिऱ्हाईकाकडे काय गेलं, तेही मला कधी कळू दिलं नाही. पत्ते सांगितले तर मी परस्पर विकेन, ही भीती. मी एकदा हसत म्हटलं, "ताई, शेणाला लाखेचं सील मी पहिल्यांदा बघतेय." त्या हसल्या नाहीत.

मग मीही संशय घ्यायला लागले. ओलं खत काळंभोर दिसतं आणि वजनाला भरतं. मला वाटलं, बाईला घाई माझ्या भीतीने नाही, वजनासाठी आहे. पाणी विकायचं आणि वर मला चोर ठरवायचं. मी त्यांच्या प्रत्येक पोत्याकडे वाकड्या नजरेने बघू लागले. दोघी शेडमध्ये उभ्या असलो की कुणी कुणाकडे पाठ करायचं नाही, अशी गत झाली.

आणि गांडुळं कमी व्हायला लागली.

आधी माझ्या लक्षात आलं नाही. मग पोतं उचललं की जिथे लाल गुंताच गुंता वळवळायचा, तिथे चार-दोन दिसायला लागली. नवीन टाकलेलं शेण तसंच पडून राहायला लागलं. जे दोन महिन्यांत खत व्हायचं, त्याला तीन महिने झाले तरी आत हिरवट लगदा. म्हशी काही थांबत नाहीत. बाजूचा ढीग वाढत वाढत कुंपणाला लागला. त्यातून काळं पाणी झिरपायचं, आणि मी रोज सकाळी फावड्याने नाल्याच्या बाजूला मातीचा बांध घालायचे. यांनी बघितलं. व्यापाऱ्याचा नंबर कागदावर लिहून फ्रिजवर लावला.

मी काय काय नाही बघितलं. ओल बरोबर. मुंग्या नाहीत. चिचुंद्री असेल म्हणून सापळा लावला, रिकामा. जाळी जागच्या जागी. शेण गरम गेलं असेल म्हणून हात घालून घालून कोपराची कातडी सोलली. भिंतीवर एकही मेलेलं गांडूळ नाही. मेली असती तर दिसली असती, वास आला असता. कुणीतरी नेत होतं, हे शुभदाताईंसारखंच मलाही वाटायला लागलं. फक्त त्यांच्या मते ती मी होते.

एकदा तर माझा संशय यांच्यावर आला. रविवारी हे बक्शी का तालाबकडे गळ टाकून मासे पकडायला जातात. म्हशी जाव्यात असं या घरात कुणाला वाटत असेल तर यांनाच. हे आंघोळीला गेले तेव्हा मी स्कूटरच्या डिकीतला डबा काढला आणि अंगणात उलटा केला. आत गांडुळं होती. मग नीट बघितलं. जाडी, मातकट, आळशी, नाल्याकाठच्या मातीतली. आमची गांडुळं बारीक, लालबुंद, अंगावर पिवळट कडी, आणि बोट लावलं की तडफडतात. हे टॉवेल गुंडाळून दारात येऊन उभे राहिले. मी जमिनीवर बसून गांडुळं डब्यात भरत होते.

"काय शोधतेस?" यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. त्यांना सगळं कळलं होतं.

शुभदाताईंना कुठूनतरी कळलं की गांडुळं किलोवर विकली जातात आणि खतापेक्षा त्यांना जास्त भाव मिळतो. मग काय विचारता. त्या आल्या, तिन्ही हौद फावड्याने तळापर्यंत उकरून बघितले, आणि हात न धुताच म्हणाल्या, "मी रविवारी टेम्पो आणते. उरलेली गांडुळं घेऊन जाणार. कुणाला विकलीस ते मी विचारत नाही. मलिहाबादला जीपने गेली असतील."

"ताई, देवाशपथ मी एक गांडूळ विकलं नाही."

"ठीक आहे ना. मग गेली कुठे, ते तू सांग."

मला सांगता येईना. खरं बोलणाऱ्या माणसाकडे उत्तर नसलं की तो चोरासारखाच दिसतो, हे मला त्या दिवशी कळलं. मला रडू आलं आणि रडू आल्याचा राग आला. त्या गेल्यावर मी म्हशींच्या मधे जाऊन उभी राहिले. गांडुळं गेली की पाठोपाठ या जाणार. यांचा फोनवर बोलण्याचा आवाज आतून येत होता. व्यापारीही रविवारीच येणार होता.

शनिवारी दुपारी फाटकाशी रिक्षा थांबली. एक बाई उतरल्या, गोऱ्या, जाडसर, शालीत गुरफटलेल्या. रिक्षावाल्याने एक पोतं उतरवलं आणि एक बादली. पोत्याच्या तोंडाला पिवळा दोरा, लाख तशीच.

"शुभदा जी का काम यहीं होता है ना?" त्यांनी विचारलं. "मैं कांचन सक्सेना. सेक्टर एफ से. वो फ़ोन नहीं उठा रहीं. एक बार उनकी गाड़ी के पीछे-पीछे आई थी, तो घर देखा हुआ था. ये देखिए आप लोगों की खाद."

त्यांनी बादली पुढे केली. आत कुंडीतली माती होती, गुलाबाच्या मुळांसकट उपसलेली. आणि त्या मातीत लालबुंद, बारीक, पिवळ्या कड्यांची गांडुळं होती. मूठभर नाही, ओंजळभर.

"सारे गमले कीड़ों से भर गए हैं," कांचनजी म्हणत होत्या. "माली कहता है अच्छी चीज़ है, पर मुझे तो घिन आती है. ये दूसरी बोरी मैंने खोली ही नहीं. वापस कर लीजिए."

मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. मी शुभदाताईंना फोन केला. माझा त्यांनी उचलला. मी म्हटलं, "गांडुळं सापडली. आत्ता या."

अर्ध्या तासात त्या आल्या. बादलीत बघितलं, कांचनजींकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा उजळला, खोटं नाही सांगत.

"तर इथे विकलीस," त्या म्हणाल्या.

कांचनजींना मराठी येत नव्हतं, पण सूर कळतो. त्या म्हणाल्या, "इनको तो मैं आज पहली बार देख रही हूँ. माल तो आप ही दे गई थीं."

मी पुढे झाले. ते बंद पोतं उचललं आणि शुभदाताईंच्या पायाशी ठेवलं. "गाठ तुमची आहे का बघा."

त्यांनी वाकून बघितली. लाख नखाने खरवडून बघितली. गाठ त्यांचीच होती, तशी गाठ दुसऱ्या कुणाला येत नाही. मी विळा आणला आणि त्यांच्या हातात दिला. दोरा त्यांनीच कापला.

आम्ही पोतं गोणपाटावर ओतलं. खत अजून ओलसर, चिकट, ढेकळं ढेकळं. मी एक ढेकूळ फोडलं आणि त्यात पाच-सहा गांडुळं. दुसरं फोडलं, त्यात दोऱ्याएवढी बारीक पिल्लं, आणि मोहरीच्या दाण्यासारखे पिवळट कोष. त्या एकेका कोषातून दोन-तीन पिल्लं निघतात. आमच्या वाफ्यांची पुढची पिढी पोत्यात बांधून, लाख लावून, कॉलनीभर वाटली गेली होती. ओल्या खतात गांडुळं खाली का जातील? ती तिथेच राहिली, जिथे त्यांना बरं वाटत होतं. फावडं वरपासून तळापर्यंत मारलं आणि सगळी घमेल्यात आली. मोठी दोन-चार त्या माणसाने वेचली असतील. पिल्लं आणि कोष कोण वेचणार? आणि ओलं खत चाळणीतून जात नाही, त्यामुळे चाळलंही नसणार.

"चाळलं होतं?" मी विचारलं.

शुभदाताई गोणपाटाशी उकिडव्या बसल्या होत्या. "चाळणी भरायची सारखी," त्या म्हणाल्या. "वेळ जायचा."

मला वाटलं आता त्या माफी मागतील. मी माफ करायला तयारही होते, म्हणजे त्या क्षणी. वर्षभराचं ओझं उतरल्यासारखं झालं होतं. हेही आतून येऊन दारात उभे राहिले होते. यांना सगळं दिसत होतं.

शुभदाताईंनी मान वर केली. "तुला हे माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"ओलं काढलं की गांडुळं जातात, हे तुला माहीत होतं. आणि तू ती जाऊ दिलीस. वर्षभर गंमत बघत बसलीस."

"मी सांगितलं होतं तुम्हाला, ताई. तोंडावर सांगितलं होतं."

"एकदा. एकदाच का सांगितलंस?"

हे मागून म्हणाले, "शुभदा वहिनी, बसा जरा, चहा घ्या." त्यांनी ऐकलं नाही.

मी स्वतःला आवरलं. म्हशींचा विचार केला. अजून सगळं गेलं नव्हतं, गांडुळं जिवंत होती, लोकांच्या कुंड्यांत आणि न फोडलेल्या पोत्यांत होती. मी म्हटलं, "असू दे. मला गिऱ्हाइकांचे पत्ते द्या. मी स्वतः जाते रिक्षाने. ज्यांची पोती पडून आहेत ती आणते, बदल्यात सुकवलेलं, चाळलेलं खत देते. महिन्या-दोन महिन्यांत वाफे परत भरतील. शेण माझं आहेच."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत मला दिसत होतं, त्या खरंच विचार करत होत्या. गांडुळं त्यांची होती, नुकसान त्यांचं होतं, रस्ता समोर होता.

"पत्ते कशाला हवेत तुला?" त्या म्हणाल्या.

मला वाटलं होतं मी चिडेन. चिडले नाही. मी घमेलं घेतलं, गोणपाटावरचं सगळं खत त्यात भरलं आणि सावलीतल्या वाफ्यात ओतलं. कांचनजींची बादलीही ओतली. शुभदाताई माझ्या पाठीमागे येऊन उभ्या राहिल्या, मी सगळं ओततेय की नाही ते बघायला. मी बादली त्यांच्यासमोर उलटी धरली, तळ दाखवला.

"ताई," मी म्हटलं, "उद्यापासून येऊ नका. विटा तुमच्या, पत्रे तुमचे. घेऊन जा. ही गांडुळं इथेच राहतील. ती तुमच्या गाठीतून निघालेली आहेत, मी चोरलेली नाहीत, आणि हे सांगायला माझ्याकडे साक्षीदार आहे."

कांचनजींना काही कळलं नव्हतं. मी साक्षीदार म्हणून त्यांच्याकडे हात केला तेव्हा त्यांनी शाल सावरली आणि मान हलवली. जाताना त्या मला हळूच म्हणाल्या, "माली से कह दूँगी, बाक़ी गमलों वाले भी यहीं डाल जाए." त्यांच्या कॉलनीत आणखी कुणाकुणाच्या कुंड्या भरल्यात, तेही त्यांना ठाऊक होतं. पत्ते मला त्यांनीच दिले.

त्या संध्याकाळी यांनी फ्रिजवरचा कागद काढला आणि व्यापाऱ्याला फोन करून सांगितलं की उद्या येऊ नको. रात्रीचं जेवण झाल्यावर फक्त विचारलं, विटा गेल्या तर वाफे कशाचे करणार. मी म्हटलं, विटा लागतातच असं नाही, जमिनीवर प्लास्टिकचा कागद अंथरून लांब ढीग लावला, झाकला आणि सावलीत ठेवला तरी चालतं.

मला वाटलं होतं शुभदाताई विटांसाठी येणार नाहीत. लाज म्हणून तरी. पण रविवारी सकाळी टेम्पो आला. त्या पुढे बसल्या होत्या. त्यांचा माणूस पहार घेऊन उतरला. त्याआधीच पहाटे उठून यांनी आणि मी हौदांतला माल उपसून कागदावर लावला होता, पोती झाकली होती. हौद रिकामे होते. माणूस विटा सुट्ट्या करायला लागला.

शुभदाताई टेम्पोतून उतरल्या नाहीत. काच खाली करून बघत होत्या. मी हौदाशी बसले. प्रत्येक वीट टेम्पोत चढायच्या आधी मी हातात घेत होते, उलटी करत होते, खालच्या ओल्या बाजूला एखादं पिल्लू, एखादा कोष चिकटून जात नाही ना ते बघत होते. सापडलं की नखाने अलगद सोडवून बाजूला ठेवत होते. बराच वेळ लागला. माणूस वैतागला. मी एकही वीट न बघता सोडली नाही.

"इतकं काय बघतेस?" शुभदाताईंनी गाडीतून विचारलं. "मी काय गांडुळं पळवून नेणार आहे? माझ्यावर संशय घेतेस?"

मी पुढची वीट उलटी केली. घेतच होते.